वस्तादांच्या पोटावरच्या निळ्या खुणा

माझ्या नवऱ्याला सगळं गाव वस्ताद म्हणतं. गावाला काय जातंय म्हणायला. मी सोनोग्राफीची डॉक्टर, दिवसभर लोकांच्या पोटात डोकावते, आणि घरी वस्तादांचं पोट बघते. एके काळी त्यांनी शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली होती. आता त्या पोटावर चहाची बशी ठेवली तर सांडणार नाही.

पण शिकवणारा म्हणून माणूस सोन्यासारखा. पहाटे जिमचं कुलूप स्वतः उघडणार, कोणाचा हात चुकीचा वळला तर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडणार. त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे: "शरीर कष्टाला नाही म्हणत नाही." आरशावर त्यांचा तरुणपणीचा फोटो आहे, कंबर जरा डावीकडे वळवून उभे. प्रत्येक फोटोत तशीच वळवलेली. लग्नाआधी मला तो रुबाब वाटला होता. प्रेम आंधळं असतं, दुसरं काय.

फोटो काढला त्याच वर्षी ते अंतिम फेरीत हरले. "आळस नडला," एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे.

छकुली ही त्यांच्या बहिणीची मुलगी. लहानपणी पडलेलं नाव, आता ही छकुली आमचं लोखंडी कपाट एकटी सरकवते. मामाच्या हाताखाली तयार झालेली, मामाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिच्या पोटावर स्नायूंच्या चौकोनांचे पॅक होते, चांगले ठळक, पण उजव्या आणि डाव्या बाजूच्या रेषा एकमेकींसमोर येत नव्हत्या. डावी बाजू दोन बोटं वर. दोन वर्षं मामाने तिच्याकडून खाली राहिलेल्या उजव्या बाजूचा जादा व्यायाम करून घेतला, हातात डंबेल घेऊन तिरकं वाकणं. रेषा सरळ झाल्या नाहीत. उलट मांस भरलं तसा फरक जास्तच दिसू लागला.

"अजून कष्ट पाहिजेत," मामा म्हणाले. मी तेव्हा बोलायला हवं होतं, पण त्यांच्या जिममध्ये नाक खुपसायचं नाही असा आमचा घरगुती करार होता.

स्पर्धा तोंडावर आली आणि भर दुपारी जिममध्ये सराव करताना छकुली खाली कोसळली. पोटऱ्यांमध्ये पेटके, छातीत धडधड. वस्तादांनी तिला उचलून थेट माझ्याच हॉस्पिटलच्या तातडीच्या कक्षात आणलं. मी धावत गेले तेव्हा ड्युटीवरचे डॉक्टर हृदयाचा आलेख हातात धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

"पाणी बंद केलंय हिने," ते हळू आवाजात म्हणाले. "वर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्यात. पोटॅशियम फार खाली असणार. सलाईन आणि औषध आत्ता सुरू करायला हवं, आणि ही हात देत नाहीये."

छकुली दोन्ही हात छातीशी घट्ट धरून पडली होती. ओठ सुकून पापुद्रे निघाले होते.

"सलाईन नको, मामी. कातडीखाली पाणी भरलं की सुजेन मी. रेषा आताच कुठे नीट दिसायला लागल्यात. नाभीखालची पण येईल. उद्या स्पर्धा होईपर्यंत थांबा."

"उद्यापर्यंत तुझं हृदय थांबेल," मी म्हणाले. मला संताप आला होता, आणि संतापाखाली भीती होती. मॉनिटरवर ठोके मध्येच अडखळत होते.

वस्ताद तिच्या उशाशी बसले. "घे गं बाळा. पुढच्या वर्षी आणखी कष्ट करू, होतील सरळ."

तिने मान फिरवली. "तुम्ही पण एकदा आळस केलात ना, मामा? मी नाही करणार."

वस्तादांची स्वतःचीच शिकवण अशी त्यांच्या अंगावर आलेली मी पहिल्यांदा पाहिली. ओरडून उपयोग नव्हता, समजावून तर नव्हताच. मी कोपऱ्यातलं फिरतं सोनोग्राफी मशीन ओढलं. डॉक्टर चिडले, वेळ नाही म्हणाले. "सुई तयार ठेवा," मी म्हणाले, "ती हात देईल."

तिच्या पोटावर जेल लावून मी मशीनचा हातात धरायचा प्रोब वरून खाली फिरवला. "पडद्यावर हे बघ. बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत हा उभा स्नायू, मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक. आणि ही पांढरी आडवी पट्टी. चिवट तंतूंची आहे, वरच्या आवरणाला चिकटलेली. व्यायामाने मांस फुगतं, पट्टी फुगत नाही, म्हणून तिथे खाच दिसते. पट्ट्या किती आणि कुठे, ते जन्मापासून ठरलेलं." प्रत्येक पट्टीच्या जागी मी तिच्या कातडीवर निळ्या पेनाने खूण केली. डाव्या खुणा दोन बोटं वर आल्या. "नाभीखाली बघ. पट्टीच नाहीये. उपाशी राहून तू चरबी घालवशील, पाणी घालवशील, जीव घालवशील. जी रेघ मुळात नाही ती कुठून दिसणार?"

"माझी मेहनत कमी पडली म्हणून—" छकुली म्हणू लागली.

"अहो," मी नवऱ्याला म्हणाले, "शर्ट काढा आणि शेजारच्या कॉटवर आडवे व्हा."

तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं इतक्या निमूटपणे कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या त्या भरदार पोटावर प्रोब ठेवला. पडद्यावर आधी चरबीचा जाड थर, आणि त्याच्याखाली, जागच्या जागी, स्नायू आणि पांढऱ्या पट्ट्या.

"मान उचला."

त्यांनी मान उचलली. पट्ट्यांमधलं मांस जाड झालं, पट्ट्या स्नायूला धरून तशाच राहिल्या. मी खुणा करत गेले. उजवी. डावी. उजवी. डावी. डाव्या खुणा वर.

वस्ताद कोपरावर टेकून स्वतःच्या पोटाकडे बघत राहिले, मग छकुलीच्या. फोटोतल्या त्या वळवलेल्या कंबरेचं कारण मला तेव्हा कळलं. बिचारा प्रत्येक फोटोत रेषा लपवत होता आणि त्याला वाटत होतं की आपण आळस लपवतोय.

"मामा, तुमच्या पण," छकुली म्हणाली.

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "मी रोज जादा व्यायाम मारायचो, एकाच बाजूचा. सगळे गेल्यावर. नाही झाल्या सरळ. मला वाटलं, मीच कमी पडलो. तेच तुला शिकवलं. चुकलो गं मी."

मॉनिटर पुन्हा अडखळला. डॉक्टरांनी सुई हातात घेतली. छकुलीचे हात अजून छातीशीच होते.

"मग तुम्ही हरलात कशाने?"

हा प्रश्न मी लग्नानंतर कितीतरी वेळा विचारला होता.

"तो दुसरा माझ्यापेक्षा चांगला होता," ते म्हणाले. "बस्स, एवढंच."

छकुलीने उजवा हात पुढे केला. डॉक्टरांनी एका झटक्यात सुई लावली.

संध्याकाळपर्यंत ठोके सरळ पडू लागले. दुसऱ्या दिवशीची स्पर्धा तिच्याविनाच होणार होती. वस्ताद तिच्या उशाशी बसून होते, जेल पुसायचं विसरल्यामुळे शर्ट पोटाला चिकटलेला. ती जागी झाली की ते चमच्याने तिला पाणी पाजत होते, आणि तीही तोंड उघडत होती.