‘हो’ लिहायचं न्हाय

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. आमच्या मामांचा या जगात कुणावरच भरवसा न्हाय. गाडी सर्व्हिसिंगला द्यायची म्हटलं की आदल्या दिवशी माझी नेलपॉलिश गायब होते. बॅटरीवर टिपका, टायरवर टिपका, चाकाच्या फटीतून हात जाईल तिथवर आत ब्रेकवरसुद्धा टिपका. माल बदलला तर कळावं म्हणून. मागं एकदा नव्या वायपरचे पैसे भरून गाडी जुनेच वायपर लावून परत आली होती, त्यामुळं मीही त्यांना हसत नव्हते.

गाडी मामांच्या नावावर, म्हणून सर्व्हिस सेंटरचा मेसेजही त्यांच्याच मोबाईलवर आला. गाडी उद्या सकाळी साडेनऊला आणा, संध्याकाळी पाचपर्यंत तयार होईल. जादा काम निघालं तर फोटो आणि अंदाजे खर्च पाठवू, ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर द्या. तुमचं उत्तर आल्याशिवाय जादा काम करणार नाही. उत्तर उशिरा आलं तर गाडीही उशिरा मिळेल.

मामांना राग आला तो जादा कामाचा. गाडी अजून आमच्या दारात, अन् यांनी काम आधीच काढून ठेवलं! लबाडाचं आवतण जेवल्याबिगर खरं न्हाय, म्हणाले, अन् मोबाईल खिशात टाकला. मलाही तो मेसेज जरा जास्तच गोड वाटला. पण परवा सकाळी आठला आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोलापुरात पोचवायचं होतं. एका डोळ्याची नजर कवाच गेलेली, दुसऱ्याच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनी महिनाभर थांबवून मग दिली होती. आमच्या भूम गावाहून त्या वेळेला पोचेल अशी एसटी न्हाय. गाडी हवीच होती.

माझं धाराशिवला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. जाताना तिथल्या सर्व्हिस सेंटरला गाडी सोडली. मामाही सोबत आले, पण सेंटरच्या आत जाईनात. समोरच्या रसवंतीत बसून नजर ठेवतो म्हणाले. मालक समोर दिसला की चोर शहाणा होतो, हे त्यांचं म्हणणं.

पाचला मी परतले तर गाडी लिफ्टवर, पुढची दोन्ही चाकं काढलेली. माझं डोकंच फिरलं. वेळ उलटवायची, माणूस घाईला आला की वाटेल ते बिल लावायचं, दुसरं काय! काउंटरवरची मुलगी म्हणाली, दुपारीच ब्रेकचा फोटो पाठवलाय, दोनदा फोन केला, तुम्ही कट केलात. तुमच्या उत्तरावाचून आम्हाला हात लावता येत न्हाय.

तेवढ्यात मामा रस्ता ओलांडून आले, चेहऱ्यावर विजय. दुपारपासून एकानंही गाडीला हात लावला न्हाय, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणाले.

“मामा, मेसेज आला होता का?”

“आला की. ‘हो’ लिहा म्हणत होता. नंबरच ब्लॉक केला. उत्तर दिलं न्हाय तर काम न्हाय, असं त्यांनीच लिहिलंय.”

गाडीही उशिरा मिळेल, ही पुढची ओळ त्यांनी वाचलीच नव्हती.

मी त्यांच्या मोबाईलवर फोटो उघडला. ब्रेक पॅड झिजून लोखंडाला टेकले होते. फोटो दुसऱ्याच गाडीचा असेल, असं म्हणायला मामांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. ब्रेकवर माझ्या नेलपॉलिशचा लाल टिपका होता.

मी तोंडानं ‘करा’ म्हटलं तर मुलगी ऐकेना, उत्तर नोंदवलेल्या नंबरवरूनच यायला हवं. नंबर सोडवायला मी मामांच्या ब्लॉक केलेल्या यादीत शिरले. सर्व्हिस सेंटरच्या खाली आणखी एक नंबर होता. सोलापूरच्या दवाखान्याचा. त्यांचा मेसेज सकाळीच आलेला: उद्याची वेळ पक्की करण्यासाठी आज सहाच्या आत ‘हो’ पाठवा, नाहीतर ती दुसऱ्या पेशंटला दिली जाईल.

मी भराभर दोन्ही नंबर सोडवले. मामांनी मोबाईल माझ्याकडून घेतला. आधी दवाखान्याला, मग गाडीला, एका बोटानं त्यांनी दोनदा ‘हो’ लिहिलं. दवाखान्याचं उत्तर येईपर्यंत त्यांनी मोबाईलवरची नजर हलवली न्हाय. वेळ पक्की झाल्याचं आलं तेव्हा ते तिथल्या बाकड्यावर मटकन बसले.

गाडी अंधार पडता पडता मिळाली. जुने पॅड मामांनी मागून घेतले. मला वाटलं, खरंच झिजलेत का ते वजन करून बघतील. पण घरी आल्यावर त्यांनी ते आत्यांच्या हातात ठेवले आणि सगळं सांगितलं, दवाखान्याचंसुद्धा. मी सांगणार नव्हते.

आत्यांनी पॅडवरून बोट फिरवलं.

“एका ‘हो’पायी माझा डोळा घालवत होता व्हय?” त्या म्हणाल्या, आणि तळहात पुढं केला. “मोबाईल द्या इकडं.”

मामांनी दिला. आत्यांना त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. रात्रभर त्या तो उशाखाली घेऊन झोपल्या.