छोटेलालचा आवाज

चुन्नीलाल काकाजींना कोहमाऱ्यात सगळे ‘शूटिंगवाले’ म्हणतात. हायवेच्या चौकात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ. तीस वर्षं लग्नं, साक्षगंध, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रा, शाळेचं गॅदरिंग, जे मिळेल ते त्यांनी टिपलं. माणूस भारी हळू. एकेक काम वहीत लिहायचं, त्याला नंबर द्यायचा, तोच नंबर कॅसेटवर, पुढे सीडीवर, पुढे पेनड्राइव्हवर चिकटवायचा. घरी मागच्या खोलीत अजून कॅसेटींच्या थप्प्या आहेत. त्यांची बायको, शामकला काकू, दर दिवाळीला त्या फेकायला निघायच्या आणि काकाजी दारात आडवे उभे राहायचे.

मी त्यांच्याकडे एडिटिंगला लागले तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं. मी सडक अर्जुनीची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, आणि नाकावर राग. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह हरवायचे आणि महिन्याने पुन्हा मागायला यायचे. एक दिवस वैतागून मी ठरवलं, हे बंद करायचं. नेटवर पाहून पाहून स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिली. तयार व्हिडिओ एका फोल्डरमध्ये पडला की स्क्रिप्ट तो आपणच क्लाउडवर चढवणार, एपीआय, म्हणजे क्लाउडशी बोलायची खिडकी, तिच्याकडून लिंक मागणार आणि ती माझ्यापुढे ठेवणार. मी ती गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची. चढवणं पूर्ण झाल्याचा निरोप आला की स्क्रिप्ट आपल्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसून टाकणार, म्हणजे जागा मोकळी. कॅमेऱ्याची कार्डंही मग पुढच्या कामाला रिकामी.

काकाजींनी सगळं नीट पाहिलं. एवढंच म्हणाले, “फाइलीच्या नावात आपला नंबर टाकजो रेणू.”

“कायले काकाजी? गाव अन् तारीख टाकली, झालं. वही सांभाळत बसायचे दिवस गेले.”

ते हसले. कामात माझ्या शब्दाला त्यांनी कधी शब्द लावला नाही, हीच त्यांची चूक म्हणायची.

सुरुवातीला एक अडचण आली. आमचं नेट अर्ध्यात तुटायचं. फाइल चढलेली असायची, पण निरोप पोचायचा नाही, स्क्रिप्ट पुन्हा चढवायची, आणि क्लाउडवर एकाच लग्नाच्या तीन-तीन प्रती दिसायच्या. मी चिडून एक शब्द बदलला. त्याच नावाची फाइल असेल तर तिच्यावरच नवी लिही, असं सांगून टाकलं. खोली झाडल्यासारखं वाटलं तेव्हा.

त्या साली पिपरटोल्याच्या मंडईत दोन कामं होती. दुपारी दंडार, रात्री नाटक. दंडारीचा म्होरक्या छोटेलाल. गाणी, सोंगं, नाच, सगळं त्याच्या गळ्यावर चालायचं. चाळीस वर्षं तो उभा राहिला की मंडईतली पाळण्याची रांग ओस पडायची. पण तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने घात केला होता. गळ्यात गाठ. चार दिवसांनी नागपूरला ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की आवाज राहणार नाही.

म्हणून तो स्वतः स्टुडिओत आला होता. घसा तेव्हाच बसायला लागला होता. “चुन्नीलाल, सारेच्या सारे गाणे भर. पोट्टे शिकतीन मंग. कोणाले पाठ नाई, मी लिहून नाई ठेवले.”

काकाजींनी दोन कॅमेरे लावले, त्याच्या सदऱ्याला माइक लावला. अडीच तास छोटेलाल गायला. मी कॅमेऱ्यामागे उभी होते. त्यातली एक ओळही आज मला आठवत नाही, कारण मी बॅटरी पाहत होते.

दंडार आधी एडिट केली, तो नागपूरला जायच्या आत. लिंक त्याच्या पोराला, गुड्डूला पाठवली. गुड्डू म्हणाला, “आता दवाखान्याची धावपळ आहे. बाबा घरी आले का टीव्हीवर लावून सारेच पाहून.” मलाही ते बरं वाटलं.

आठवड्याने नाटक तयार झालं. तेच गाव, तीच तारीख. स्क्रिप्टने ते त्याच नावाने चढवलं. लिंक मागितली तेव्हा एपीआयचं उत्तर आलं, या फाइलीची लिंक आधीच आहे. स्क्रिप्टने तीच जुनी लिंक मला दिली. ती ओळ मी वाचली होती. वाचली, आणि नेट तुटलं असेल म्हणून पुढे गेले. नाटकाच्या मंडळाला लिंक गेली, नाटक उघडलं, सगळे खूश.

ऑपरेशन, मग सेकाई, म्हणजे रेडिएशन. छोटेलाल दोन महिन्यांनी गावी आला. गुड्डूने आम्हाला जेवायला बोलावलं. घर भरलं होतं. छोटेलालच्या गळ्याला रुमाल बांधलेला. माझ्या हातात पेढा ठेवून त्याने टीव्हीकडे बोट केलं.

गुड्डूने लिंक उघडली. नाटक सुरू झालं.

मला तिथेच कळलं, सगळं एका क्षणात कळलं. एकच नाव, म्हणून नाटक दंडारीवरच लिहिलं गेलं होतं. छोटेलाल मात्र हात हलवून सांगत होता, थांबा, पुढे असेल. नाटक पुढे पळवलं तर तो रागावला. त्याला वाटलं, आपली गाणी निसटतील. शेवटी त्याने ते नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. तीन तास. पडदा पडला, नावं आली, टीव्ही काळा झाला, तरी तो बघत होता.

मी अंगणात जाऊन मोबाइलवर खातं उघडलं. बदललेल्या फाइलीची जुनी प्रत तिथे तीस दिवस राहते. आमचा त्रेसष्टावा दिवस होता. कार्डांवर त्यानंतर अकरा लग्नं झाली होती.

मी काकाजींच्या कानात सांगितलं. ते आत जाऊन छोटेलालपुढे खाली बसले.

“छोटेलाल, माझ्या हातून गेलं गा. मीच पुसलं. माफ कर.”

मी उंबऱ्यात उभी होते, हातात तो पेढा तसाच.

छोटेलालने ओठ हलवले. काही निघालं नाही. मग त्याची बायको देवकाबाई, जी इतका वेळ ताटं वाढत होती, ती मटकन बसली. “मीच रोज म्हणत होती जी याले, सकायपासून गाऊन राहिला, चूप बस आता.” आणि पदर तोंडात धरून रडली.

पुढे काकाजी महिनाभर पिपरटोल्याला जात होते. घरोघर मोबाइल पाहायचे, कोणी काही टिपलंय का. एका पोरीच्या फोनमध्ये एकोणीस सेकंद मिळाले. त्यातही शिट्ट्याच जास्त. तेवढे त्यांनी स्वतः पेनड्राइव्हवर घालून नेऊन दिले.

मी स्क्रिप्ट सुधारली. आता प्रत्येक नावात नंबर असतो, एकावर दुसरं लिहिलं जात नाही, दुसरीकडे प्रत पोचल्याशिवाय पुसलं जात नाही. दहा मिनिटांचं काम होतं. ते आधी केलं असतं तर, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की त्याची चीड येते.

छोटेलाल पुढच्याच पावसाळ्यात गेला. काकाजींनी मंडईची कामं सोडली, माझ्यावर टाकली. दुसऱ्या एका गावच्या मंडईला निघताना मी विचारलंच, “काकाजी, त्या दिवशी माझं नाव काऊन नाई सांगितलं?”

ते कॅमेऱ्याची बॅग माझ्या खांद्यावर अडकवत होते. “तुले त्या गावात अजून शूटिंगले जायचं आहे, पोरी. माझं काय.”

दर मंडईला पिपरटोल्याहून बोलावणं येतं. मी अजून गेले नाही.