‘आले गं, आले’चं इंग्रजी

भोरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा मला माझ्या इंग्रजीचा भलताच माज होता. त्यामुळे वहिनीनं लिहिलेली गोष्ट मराठी मासिकात छापून आली आणि पुण्याच्या एका इंग्रजी मासिकानं तिचं भाषांतर मागितलं, तेव्हा "हात्तिच्या, एका रविवारचं काम!" असं म्हणून मी मोकळा झालो.

गोष्ट वहिनीच्या आईची. वेल्ह्याकडच्या डोंगरात राहणारी, दिवसभर भातखाचरात असणारी बाई. लेक माहेरी येते आणि दारातून हाक मारते. आई वरच्या खाचरातून ओरडते, "आले गं, आले!" मग हसते, पुन्हा वाकते, आणि येतच नाही. बस, एवढीच गोष्ट. पण वाचताना हसू यायचं आणि शेवट पुन्हा वाचावासा वाटायचा.

पंधरा दिवसांत भाषांतर परत. संपादकांनी लिहिलं होतं, काळांचा फार गोंधळ आहे, सगळं भूतकाळात आणून महिनाअखेरीस पाठवा, नाहीतर ती जागा दुसऱ्याला देऊ. माझं डोकंच सणकलं. "ह्याला काय कळतंय डोंबल!" म्हणून मी कागद आपटले.

वहिनी तांदूळ निवडत होती. ती शांतपणे म्हणाली, "करा की भूतकाळात. पण भावजी, आईला ‘होती’ करू नका. ‘होती’ म्हटलं की माणूस गेलं. माझी आई आहे. तसं छापायचं असेल तर मला ते छापणंच नको." आणि तिनं तांदळातला खडा असा भिरकावला की मी पाय मागे घेतला. चौथी शिकलेल्या वहिनीचं नाव पहिल्यांदाच इंग्रजीत येणार होतं. त्यासाठी तिचा जीव किती आसुसला होता, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी उत्रोलीला सायकल हाणली. तिथं माझे जुने मास्तर राहायचे. त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझी हजामत सुरू केली.

"हे बघ. ‘आई उठते, गोठ्यात जाते’ हे तू वर्तमानात ठेवलंस, आणि पुढच्याच ओळीत ‘गाय सोडली’ म्हणून भूतात उडी मारलीस. मराठीत सांगणारा असा आतबाहेर करतो, कुणाला खुपत नाही. इंग्रजी वाचणारा मात्र ठेचकाळतो. आणि ‘कातळावर बसली आहे’ला ‘हॅज सॅट’? ती बसायचं उरकून उठली नाही रे, बसलेलीच आहे. ‘वॉज सिटिंग’ कर."

मी लिहून घेत होतो. मास्तर शेवटच्या पानावर आले आणि एकदम इतके हसले की त्यांची टोपी मांडीवर पडली.

"आय केम, आय केम! अरे गाढवा, ती आलीय कुठं? ती तर खाचरात आहे!"

"पण मास्तर, ‘आले’ हा भूतकाळच ना?" मी चिडून म्हणालो.

"रूप भूतकाळाचं. पण बायकोनं जेवायला हाक मारली की तू ‘आलो’ म्हणतोस, तेव्हा पाटावर बसलेला असतोस काय? ‘निघतेच आहे’ असा त्याचा अर्थ. ‘आय ॲम कमिंग’ लिही."

मी कपाळावर हात मारला. जन्मभर तोंडात असलेला शब्द मला उत्रोलीत येऊन कळला! मग मी वहिनीची अट सांगितली. मास्तर गंभीर झाले.

"सांगणाऱ्याचा काळ वेगळा, बोलणाऱ्याचा वेगळा. तुझं सांगणं सगळं भूतकाळात जाऊ दे. पण अवतरणचिन्हांच्या आत ती बाई स्वतः बोलते, तिथं तिचाच वर्तमान राहतो. गोष्ट त्या आत संपव."

म्हणजे ‘हसते, पुन्हा वाकते’ हे वाक्य तिच्या ओरडण्याच्या आधी घ्यायचं आणि ‘येतच नाही’ गाळायचं. मूळ लिहिणारीला विचारल्याशिवाय कसं करणार? घरी येऊन मी वहिनीला विचारलं. ती दोनतीनदा ओठांतल्या ओठांत पुटपुटली आणि म्हणाली, "म्हणजे शेवटी नुसता तिचा आवाजच राहतो? अगंबाई, मग घ्या की!"

अंक छापून आला, तसा तो घेऊन आम्ही वेल्ह्याकडे गेलो. वहिनीनं दारात उभं राहून हाक मारली. वरून खणखणीत आवाज आला, "आले गं, आले!"

"भावजी, काय म्हणाली?" वहिनीनं डोळे मिचकावत विचारलं.

"आय ॲम कमिंग," मी म्हणालो, आणि दोघंही पोट धरधरून हसलो.

वहिनीनं चूल पेटवली, चहा केला, आम्ही तो प्यायलो, कपबश्या विसळून झाल्या. म्हातारी काही आली नाही. वहिनी अंक मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वर खाचराकडे बघत म्हणाली, "बघा, आहे की नाही?"