पिवळं नाणं

लग्न करून मी कोपरगावला आले, तेव्हा दहा पैशांची नाणी दोन तऱ्हेची चालत होती. जुनं पितळी, पिवळं आणि जड. नवं ॲल्युमिनियमचं, पांढरं आणि अगदी हलकं. आमच्या किराणा दुकानात दोन्हींना साखर सारखीच मिळायची. भांड्यांचा कासार मात्र अशा दहा पिवळ्या नाण्यांचा सव्वा रुपया द्यायचा, वितळवायला. तो गुन्हा होता, म्हणून व्यवहार मागच्या दारानं.

मग पिवळं कोण खर्च करणार? सासरे गल्ल्यातली पिवळी काढून डब्यात ठेवायचे आणि सुट्टे म्हणून पांढरी द्यायचे. गिऱ्हाईकं काही दूधखुळी नव्हती. तीही पिवळं घरी ठेवून पांढरंच पुढे करायची. बाजारात नुसती पांढरी इकडून तिकडे फिरत राहायची.

वेचण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला न बघता, नुसत्या बोटांनी नाणं ओळखता यायचं. एका हातानं पैसे घेतानाच पिवळं बाजूला सरकवायचं. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे आणि मी, खुळी, फुलून जायची.

अशात नगरहून डी.एड.च्या मुलाखतीचं बोलावणं आलं. माहेरी असतानाच मी अर्ज केला होता. शिक्षिका व्हायचं, एवढं एकच मला मनापासून हवं होतं. नवऱ्याला विचारलं, तर त्यानं साखर कारखान्याच्या पाळीवर जाता जाता सासऱ्यांकडे बोट दाखवलं.

"जाशील की," सासरे म्हणाले. "पन गल्ल्यावर कोन बसंल? पिवळं वेचाया तुझ्यासारका हात न्हाई कुनाचा."

मी भांडले नाही. भांडायला हवं होतं. त्याऐवजी वाट बघत बसले. सगळेच दडवतायत म्हटल्यावर पिवळं कधीतरी यायचंच बंद होईल, मग माझी गरज काय? रोज कमी कमी येत होती. एखादं हाताला लागलं की मला त्या नाण्याचाच राग यायचा. कासारही मागच्या दाराशी उभा राहून कुरकुरायला लागला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आठवडी बाजार होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दिवसभरात पिवळं एकही आलं नाही. मी गल्लाच सासऱ्यांपुढे सरकवला. "मामा, आता सगळी पांढरीच. ही कुणीही मोजील. उद्या मी जाऊ ना?"

त्यांनी गल्ल्यात हात घालून पाहिलं. मग हसले, अगदी मायेनं. "लोकांनी पिवळं घरात ठिवलं, ते काय येडे हायेत व्हय? चांगली वस्तू कुनी भाईर सोडतं का, पोरी?"

ते माझं कौतुक करत होते. रागावले असते तर मीही काही बोलले असते. समोरची बाई दहा पैशांची चहापूड मागत होती. मी पुडी बांधायला घेतली.