पाच मिलीचा अर्ज

पाळणाघराच्या बाईंना औषधाची परवानगी देणारं पत्र मी लिहिलं, ते माझ्या नोकरीतल्या कुठल्याही टिपणीपेक्षा सरस होतं. फक्त त्यात एक गोष्ट राहिली होती.

तेव्हा आम्ही पौडला दोन खोल्यांत राहत होतो. मी तालुक्याच्या कचेरीत कारकून, बायको माले गावच्या शाळेत मास्तरीण, आणि मुलगी अडीच वर्षांची. दिवसभर तिला ज्या बाई सांभाळत, त्या पूर्वी दवाखान्यात आया होत्या. त्यांचा नियम एकच होता: चिठ्ठीशिवाय कुणाच्याही पोराला औषध द्यायचं नाही.

एका संध्याकाळी मुलीला ताप आला. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचं पातळ औषध दिलं. रजा आम्हा दोघांचीही उरली नव्हती. म्हणून सकाळी मी पत्र लिहायला बसलो. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयास अनुसरून, सगळं यथासांग. मुलीचं वजन बारा किलो. ताप एकशे एकच्या वर गेला तर बाटलीबरोबरच्या मापानं पाच मिली द्यावं, घरातल्या चमच्यानं नाही. दोन वेळांत सहा तासांचं अंतर असावं. चोवीस तासांत चारदाच. ताप एकशे तीनवर गेला, उलटी झाली, झटका आला, मूल सुस्तावलं किंवा काही शंका आली, तर कचेरीत फोन करावा. खाली लफ्फेदार सही. बायको सव्वासातच्या एस.टी.नं गेली. नऊला मुलगी तापलेली वाटली म्हणून मी तिला पाच मिली पाजलं आणि साडेनवाला पत्र आणि औषधाच्या बाटलीसकट बाईंकडे सोडलं.

साडेअकराला फोन आला. बाई शेजारच्या दुकानातून बोलत होत्या.

"सायेब, पत्र झ्याक हाय. पन सकाळधरनं पोरीला औषध कवा कवा गेलंय, त्ये कुटं लिवलंय? अंग लई तापलंय. एकशे दोन हाय."

नऊला दिलंय, असं मी ऐटीत सांगितलं.

"तुमी दिलं. आनि तिच्या आईनं?"

बायको निघताना मी दाढी करत होतो. ती औषधाबद्दल काहीतरी बोलली होती खरी. 'दिलंय' म्हणाली की 'द्या', ते मला काही केल्या आठवेना.

"मंग मी न्हाई देत," बाई म्हणाल्या. "कोमट पान्यानं अंग पुसते. तुमी इचारून या."

साहेबांना सांगून मी दवाखाना गाठला. डॉक्टर रांगेतल्या रोग्याला तपासता तपासता, मान वर न करता म्हणाले, आधी किती वेळा गेलंय ते सांगा, मग मी पुढचं सांगतो. माल्याच्या शाळेत फोन नव्हता. तिथल्या मास्तरांचे निरोप एस.टी.च्या कंडक्टरकडूनच जायचे यायचे. सव्वाबाराच्या गाडीत मी चिठ्ठी दिली: 'सकाळी औषध दिलंस का? किती वाजता? किती?' कंडक्टरनं ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि खिशात घातली. त्यालाही मुलं असावीत.

परतीची गाडी येईपर्यंत मी पाळणाघरात बसलो. मुलगी पेंगत होती. हाक मारली की डोळे उघडायची, पाणी मागायची, पुन्हा मिटायची. बाई कपडा पिळत होत्या, मी दर पाच मिनिटांनी तिला हाक मारत होतो. शेवटी बाई वैतागल्या. म्हणाल्या, "निजू द्या की तिला. तुमचाच ताप झालाय मला."

दोनच्या सुमाराला गाडी आली. माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर बायकोनं लिहिलं होतं: 'हो. सहा चाळीस. पाच मिली. कशी आहे?'

म्हणजे सहा तास सोडायचे, तिथं अडीच तासही गेले नव्हते. चिठ्ठी आणि औषधाची बाटली घेऊन पुन्हा दवाखाना. डॉक्टरांनी वजन विचारलं, बाटली मागून तिच्यावरचं वाचलं. बारा किलोच्या मुलाला एवढ्यानं अपाय होणार नाही, म्हणाले, पण तुमच्या नऊच्या वेळेपासून सहा तास धरा, तीनच्या आत थेंबही नको. आणि उद्या सकाळपर्यंत फार तर आणखी दोनदा. वर हेही म्हणाले, की त्या बाईंनी साडेअकराला दिलं असतं तर मी तुमच्याशी इतक्या शांतपणे बोललो नसतो.

तीन वाजले तरी बाईंनी पुन्हा ताप मोजला, एकशे एकच्या वर भरला, तेव्हाच माप हातात घेतलं. मग माझ्या त्या पत्राखाली त्यांनी मला तिन्ही वेळा लिहायला लावल्या. साडेचारच्या सुमाराला मुलीच्या कपाळाला घाम आला आणि तिनं बिस्कीट मागितलं. मी शेजारच्या दुकानात धावलो आणि बिस्किटाचे दोन पुडे घेऊन आलो.

बायको संध्याकाळच्या गाडीनं थेट तिथंच आली. पिशवी खांद्यावरच होती. तिनं मुलीला उचललं, तिच्या मानेला गाल लावून पाहिला, बाईंकडून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रस्त्यानं बोलणी बसणार. पण ती मुलीला कडेवर घेऊन घरापर्यंत माझ्या पुढं चालत राहिली. आत आल्यावर मुलीला निजवलं आणि तिच्या उशाशी भिंतीला टेकून बसली.

"मी औषध दिलंय म्हणून सांगितलं, तेव्हा तुम्ही 'हं' म्हणालात," ती म्हणाली. "त्या 'हं'वर विसंबून मी गाडीत बसले."