पेन्सिलीतली तारीख

नातीच्या लसीकरण कार्डावर पेंटा लशीच्या तिसऱ्या डोसाच्या चौकटीत तारीख होती, म्हणून डोस झालाय असं मी घरात जाहीर केलं. सून म्हणाली, "मामा, तिसऱ्याला पोरगी रडल्याचं मला आठवत न्हाई." तीस वर्षं शाळेचं हजेरीपत्रक भरलेला माणूस मी. आठवणीपेक्षा लिहिलेलं खरं, असं तिला सुनावलं.

लसीच्या दिवशी सून मला न विचारता पोरीला घेऊन अंगणवाडीत निघाली. तिला खोटं पाडायला मीही मागोमाग गेलो. सिस्टरनं कार्ड उघडलं. पहिल्या दोन डोसांच्या चौकटींत पेनानं तारीख आणि बॅच नंबर होता. तिसरीत नुसती पेन्सिलीतली तारीख.

"गुरुजी, ही द्यायची तारीख हाय, दिल्याची न्हाई. दिला असता तर बॅच नंबर लिहिला नसता का?"

"मग पुन्हा पहिल्यापासून?"

"कशाला? दोन झालेत. राहिलेला तेवढा द्यायचा."

सुई टोचली तशी नातीनं अंगणवाडी डोक्यावर घेतली. सिस्टरनं पेन्सिल खोडून पेनानं तारीख घातली, बाटली बघून नंबर लिहिला. तो वाचायला मी चष्मा लावला.

सुनेनं कार्डाकडे बघितलंही नाही. पोरीचे डोळे पुसत म्हणाली, "आता झाला."