सहावी घनाकृती

एम.एस्सी.च्या सेमिनारच्या दिवशी पेठ वडगावहून कोल्हापूरला एसटीने आले. मांडीवर पुठ्ठ्याच्या आकृत्यांची पिशवी होती. वडील मिठाईचे खोके बनवायचे, त्यांनीच त्या कापून चिकटवून दिल्या होत्या. चार त्रिकोणांची आकृती, म्हणजे चतुष्फलक, सगळ्यात नाजूक. ती चेपली तर पंचाईत, म्हणून तेवढी एक जास्तीची केली होती.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी आदल्या वर्षी एकाला फळ्यापाशीच रडवलं होतं म्हणे. ते पहिल्या बाकावर बसले होते. माझ्या हातातला खडू तुटला.

तरी मी सुरुवात केली. कुठेही खळगा नसलेली, सपाट पृष्ठांची घनाकृती घ्या. कोपऱ्यांतून कडा वजा करा, पृष्ठं मिळवा, उत्तर दोनच येतं. मग नियमित आकृत्यांकडे वळले. "सगळी पृष्ठं एकसारखी, समभुज आणि समान कोनांची असली की आकृती नियमित. कोपरा व्हायला किमान तीन पृष्ठं लागतात आणि तिथल्या कोनांची बेरीज तीनशे साठ अंशांच्या आतच हवी. म्हणून त्रिकोण तीन, चार किंवा पाच, चौरस तीन, पंचकोन तीन. तीन षटकोन जोडले तर सपाट फरशी होते. म्हणून पाचच."

परीक्षक उठले. टेबलावरच्या दोन्ही चतुष्फलकांची पृष्ठं त्यांनी एकमेकांना टेकवून धरली. "सहा पृष्ठं, सगळे समभुज त्रिकोण. तुमच्या व्याख्येप्रमाणे ही सहावी झाली की नाही?"

माझ्या मार्गदर्शक मॅडम खाली बघत होत्या. मी मोजायला घेतलं. कोपरे पाच, कडा नऊ, पृष्ठं सहा. पाचातून नऊ वजा, अधिक सहा. दोन! सूत्र बरोबर ठरत होतं आणि त्यानंच मी जास्त घाबरले. म्हणजे आकृती खरी होती, चूक माझी होती.

"वेळ घ्या," ते म्हणाले.

मी आकृती त्यांच्या हातातून घेतली, ती सुटू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली आणि वरच्या टोकाला आलेले त्रिकोण मोजले. तीन. मधल्या कोपऱ्याला चार.

"सर, कोपरे सारखे नाहीत," मी म्हणाले. "मी व्याख्या अर्धीच सांगितली. प्रत्येक कोपऱ्याला सारखीच पृष्ठं यायला हवीत."

"मग तसं लिहा फळ्यावर."

लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि बसायला सांगितलं. पास झाल्याचं मॅडमनी व्हरांड्यात सांगितलं.

घराशेजारच्या दुकानात फोन करून वडिलांना बोलावून घेतलं. "एक चुकलं, पण सापडलं," म्हटलं.

"सापडलं न्हवं? मग रडतीस कशाला? ये की घरला."